वीस अंशांसाठी तीनशे चाळीस अंशांचा वळसा

रणगाड्याच्या धडावर तोफेसह गोल फिरणारा जो भाग असतो त्याला टरेट म्हणतात. रणगाड्यांच्या व्हिडिओ गेममध्ये या टरेटची एक चूक वारंवार दिसते. शत्रूचा रणगाडा समोरून किंचित उजवीकडे सरकतो. तोफ वीस अंश उजवीकडे वळली तरी नेम बसणार असतो. पण टरेट डावीकडे वळते, पार पाठीमागे जाते, दुसऱ्या बाजूने पुढे येते आणि तीनशे चाळीस अंशांचा फेरा पुरा करून थांबते. थांबते मात्र अगदी योग्य जागी. चूक शेवटच्या उत्तरात नसून तिथवर नेणाऱ्या वाटेत असल्यामुळे ती शोधताना बराच वेळ जातो. शिवाय टरेट बहुतेक सगळ्या दिशांना नीट वागते आणि एका ठरावीक दिशेपाशीच बिघडते, त्यामुळे गेम तयार होताना ही चूक कित्येकदा नजरेतून सुटते आणि खेळणाऱ्याला आधी दिसते.

तिचे मूळ कोन लिहिण्याच्या रीतीत आहे. दिशा वर्तुळावर असतात, पण त्यांना दिलेले आकडे सरळ रेषेवर असतात. उत्तरेला शून्य धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजत गेले तर पूर्व ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७० अंशांवर येते, आणि ३५९ नंतर पुन्हा शून्य येते. वर्तुळावर ३५९ आणि ० हे लागून असलेले शेजारी आहेत. आकड्यांच्या रेषेवर ते दोन टोकांना आहेत. पट्टी गोल वळवून तिची टोके जोडली की तिथे एक शिवण तयार होते. कोनांच्या आकड्यांतही अशी एक शिवण असते. शिवणीच्या एकाच बाजूला राहून केलेली वजाबाकी खरे अंतर सांगते. शिवण ओलांडली की तीच वजाबाकी भलतेच अंतर सांगते.

टरेट एका दिशेवरून दुसऱ्या दिशेवर एकदम उडी मारत नाही. मधल्या जागांवरून सरकत जाते. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साधारण साठ वेळा बदलते आणि प्रत्येक चित्रात, म्हणजे फ्रेममध्ये, टरेट थोडी पुढे गेलेली दाखवायची असते. दोन किमतींच्या मधल्या किमती काढण्याच्या या कामाला इंटरपोलेशन म्हणतात. त्याचे सर्वांत साधे सूत्र गेम बनवणाऱ्यांत लर्प या नावाने ओळखले जाते: आताच्या किमतीत, इच्छित किंमत आणि आताची किंमत यांच्या फरकाचा काही हिस्सा मिळवायचा.

```
current = current + (target - current) * t
```

रणगाडा जमिनीवर एका जागेवरून दुसरीकडे न्यायचा असेल तर हे सूत्र निर्दोष आहे. रंग गडद करणे, आवाज कमी करणे, दार सरकवणे अशा सगळ्या कामांना ते चालते, कारण त्या किमती खरोखरच सरळ रेषेवर असतात. तेच सूत्र कोनाला लावले की वर्तुळ गुंडाळलेले आहे ही गोष्ट त्यातून निसटते.

टरेट ३५० अंशांवर, म्हणजे उत्तरेच्या दहा अंश डावीकडे आहे आणि लक्ष्य १० अंशांवर, म्हणजे उत्तरेच्या दहा अंश उजवीकडे आहे असे धरले, तर १० वजा ३५० म्हणजे उणे ३४०. उणे चिन्हाचा अर्थ डावीकडे, आणि आकड्याचा अर्थ जवळजवळ पूर्ण फेरा. टरेटचा वेग सेकंदाला ९० अंश असेल तर साठ फ्रेमच्या हिशेबाने ती दर फ्रेमला दीड अंश सरकते. जवळच्या वाटेने तिला चौदा फ्रेम, म्हणजे पाव सेकंदाहून कमी वेळ लागला असता. दूरच्या वाटेने २२७ फ्रेम, म्हणजे पावणेचार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात शत्रू गोळी झाडून निघून गेलेला असतो.

वर दिलेल्या सूत्रात दर फ्रेमला उरलेल्या फरकाचा दहावा हिस्सा तोडायचा ठरवला तर चित्र जरा वेगळे दिसते. पहिल्याच फ्रेममध्ये टरेट ३४ अंश डावीकडे जाते, दुसऱ्या फ्रेममध्ये आणखी सुमारे ३१ अंश. पुढे वेग मंदावत जातो, पण बावीस फ्रेममध्ये, म्हणजे एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, नव्वद टक्के फेरा उरकलेला असतो. पाहणाऱ्याला टरेटने मधेच एक गिरकी घेतल्यासारखे वाटते. सारख्या वेगाने फिरणारी टरेट लांबचा प्रवास करताना स्पष्ट दिसते आणि कारण लवकर कळते. गिरकी घेणाऱ्या टरेटचा दोष मात्र चित्र दाखवणाऱ्या भागावर किंवा संगणकाच्या संथपणावर ढकलला जाण्याची शक्यता जास्त असते.

चूक नेमक्या कोणत्या दिशेपाशी होते हे पाहिले तर अर्धा तपास तिथेच संपतो. शिवण कुठे आहे हे कोन कुठून आला यावर ठरते. उत्तरेला शून्य धरून ० ते ३६० मोजणारी पद्धत असेल तर शिवण उत्तरेला असते. पण लक्ष्याची दिशा बहुधा `atan2` या फलनाने काढली जाते. लक्ष्य किती आडवे आणि किती उभे दूर आहे हे दोन आकडे दिले की ते फलन कोन सांगते, आणि तो उणे १८० ते अधिक १८० या पट्ट्यातला असतो (मूळ उत्तर रेडियनमध्ये, म्हणजे उणे पाय ते अधिक पाय). गणितातल्या नेहमीच्या रीतीप्रमाणे शून्य उजवीकडे असेल तर शिवण बरोबर डावीकडे, पश्चिमेला येते. तिथे १७९ अंशांनंतर एकदम उणे १७९ येतो. म्हणून एखाद्या गेममध्ये टरेट फक्त पश्चिमेकडे पाहतानाच गिरकी घेत असेल, तर कोन `atan2` मधून आलेला आहे आणि वजाबाकी साधी आहे हे कोड न उघडताही जवळजवळ नक्की सांगता येते. उत्तरेला बिघाड होत असेल तर कोन ० ते ३६० च्या पट्ट्यातला असण्याची शक्यता अधिक.

खरी पंचाईत होते ती दोन पट्टे एकत्र आल्यावर. युनिटी हे गेम बनवण्याचे प्रचलित सॉफ्टवेअर आहे. त्यात वस्तूचा कोन `eulerAngles` मधून वाचला की तो ० ते ३६० मध्ये मिळतो, आणि लक्ष्याचा कोन `Mathf.Atan2` मधून काढला की अंशांत रूपांतर केल्यावर तो उणे १८० ते १८० मध्ये मिळतो. पश्चिमेला पाहणारी टरेट स्वतःचा कोन २७० सांगते. पश्चिमेलाच असलेल्या लक्ष्याचा कोन उणे ९० येतो. दोन्ही दिशा एकच, पण फरक उणे ३६०. नेम अचूक बसलेला असताना टरेट पूर्ण फेरा मारायला निघते.

एवढ्यावर ती थांबतही नाही. लक्ष्य उणे १० अंशांवर आहे आणि टरेट ५ अंशांवरून दर फ्रेमला दीड अंश खाली येत आहे असे धरले, तर साडेतीन, दोन, अर्धा असे आकडे जातात आणि पुढचा आकडा उणे एक येतो. तो आकडा युनिटीला देऊन पुढच्या फ्रेममध्ये परत वाचला की तो ३५९ होऊन येतो, कारण युनिटी तो आपल्या पट्ट्यात बसवते. आता फरक उणे ३६९ झाला. टरेट पुन्हा खाली उतरू लागते, लक्ष्यावरून पुढे निघून जाते, शून्यापाशी येते, आणि पुन्हा ३५९ वर जाते. उणे १० हा आकडा तिला कधी दिसतच नाही, त्यामुळे ती भोवऱ्यासारखी फिरत राहते. लांबचा फेरा आणि न संपणारा फेरा ही दोन लक्षणे वेगळी वाटली तरी मूळ एकच आहे. दुसऱ्या लक्षणाचा अर्थ एवढाच, की कोन दर फ्रेमला पुन्हा वाचला जातो आणि दोन्ही कोन वेगवेगळ्या पट्ट्यांतले आहेत.

तिसरे लक्षण अनेक जण मिळून खेळायच्या गेममध्ये दिसते. तिथे दुसऱ्या खेळाडूच्या टरेटचा कोन जाळ्यावरून येतो, समजा सेकंदाला वीस वेळा. म्हणजे दोन बातम्यांमध्ये पन्नास मिलिसेकंदांचे अंतर, आणि पडद्यावर तेवढ्यात तीन फ्रेम. आधीची बातमी ३५९ अंशांची आणि नंतरची १ अंशाची असेल तर टरेट खरी फक्त दोन अंश वळलेली असते. साध्या वजाबाकीने मात्र तीनच फ्रेममध्ये ३५८ अंशांचा उलटा फेरा भरला जातो, दर फ्रेमला सुमारे ११९ अंश. पाहणाऱ्याला टरेट क्षणभर चमकून पुन्हा जागेवर आल्यासारखी दिसते. ज्याच्या रणगाड्याची ती टरेट असते त्याला स्वतःच्या पडद्यावर काहीच वावगे दिसत नाही. त्यामुळे दोष जाळ्याच्या खराब जोडणीवर टाकला जातो. जोडणी खराब असेल तर झटके कुठल्याही दिशेला येतील. एकाच दिशेपाशी येणारे झटके शिवणीचेच असतात.

ही काळजी जुन्या गेममध्येही घेतलेली दिसते. इड सॉफ्टवेअरच्या १९९६ च्या क्वेक या गेमचे कोड १९९९ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात नोंदवून ठेवलेला खेळ पुन्हा दाखवताना पाहण्याच्या दिशेचे इंटरपोलेशन होते, आणि त्याआधी फरक १८० पेक्षा मोठा असेल तर त्यातून ३६० वजा केले जातात, उणे १८० पेक्षा लहान असेल तर त्यात ३६० मिळवले जातात. सबंध उपाय त्या दोन ओळींत आहे.

त्या ओळींमागचा विचार सोपा आहे. वर्तुळावरच्या कोणत्याही दोन दिशांमध्ये अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त अंतर असूच शकत नाही, कारण एका बाजूने ते जास्त असले तर दुसऱ्या बाजूने कमी असते. म्हणून फरक उणे १८० ते अधिक १८० मध्ये आणला की तो आपोआप जवळच्या वाटेचा होतो आणि चिन्हावरून बाजूही कळते. आधीच्या उदाहरणात उणे ३४० अधिक ३६० म्हणजे वीस: उजवीकडे वीस अंश. येथे आवरायचा असतो तो फरक. अनेकदा चूक दुरुस्त करताना दोन्ही कोन ० ते ३६० मध्ये आणून ठेवले जातात आणि काम झाले असे मानले जाते. त्याने न संपणारा फेरा थांबतो, पण ३५० आणि १० हे दोन्ही त्या पट्ट्यातलेच आकडे असल्यामुळे लांबचा फेरा तसाच राहतो.

कोन कितीही फेरे मारून आलेले असले तरी चालेल असे सी भाषेतले कोड असे लिहिता येते:

```
float d = fmodf(target - current, 360.0f);
if (d >  180.0f) d -= 360.0f;
if (d < -180.0f) d += 360.0f;
```

पहिली ओळ फरकाला ३६० ने भागून बाकी ठेवते, म्हणजे जास्तीचे पूर्ण फेरे काढून टाकते. उरलेल्या दोन ओळी क्वेकच्याच धर्तीच्या आहेत. यानंतर टरेट जास्तीत जास्त दीड अंश सरकवायची, आणि फरक दीड अंशापेक्षा कमी उरला असेल तर ती थेट लक्ष्यावर नेऊन ठेवायची. ही शेवटची अट विसरली तर टरेट लक्ष्याच्या अलीकडे पलीकडे थरथरत राहते.

हेच काम एका ओळीत करणारे एक सूत्र बरेच प्रचलित आहे आणि त्यात एक खोच आहे:

```
d = (target - current + 180) % 360 - 180
```

पायथॉन भाषेत ही ओळ सर्व किमतींना बरोबर चालते. सी शार्प भाषेत, जी युनिटीमध्ये वापरतात, ती अर्धीच चालते. बाकीचे चिन्ह काय धरायचे याबद्दल दोन्ही भाषांचा नियम वेगळा आहे. पायथॉनमध्ये बाकीला भाजकाचे चिन्ह मिळते, म्हणून उणे १६० ला ३६० ने भागल्यावर बाकी २०० येते. सी शार्पमध्ये बाकीला भाज्याचे चिन्ह मिळते, म्हणून ती उणे १६० च राहते. परिणामी टरेट १० वरून ३५० कडे जाताना फरक अधिक ३४० असतो, त्यात १८० मिळवून ५२०, बाकी १६०, आणि शेवटी उणे वीस हे बरोबर उत्तर येते. उलट ३५० वरून १० कडे येताना फरक उणे ३४० असतो, त्यात १८० मिळवून उणे १६०, बाकी तीच, आणि शेवटी पुन्हा उणे ३४०. सूत्राने काहीच बदलले नाही. चूक आता फक्त डावीकडून उजवीकडे येताना दिसते. दुरुस्ती करणाऱ्याने एकाच बाजूने तपासले असेल तर त्याला ती संपलेली वाटते. लांबचा फेरा एका बाजूने होतो आणि दुसऱ्या बाजूने होत नाही असे दिसले की सर्वांत आधी बाकीच्या चिन्हाकडे पाहणे फायद्याचे ठरते.

नेहमीच्या साधनांत यासाठी तयार फलने असतात आणि शक्य तिथे तीच वापरणे शहाणपणाचे. युनिटीत `Mathf.LerpAngle`, `Mathf.DeltaAngle` आणि सारख्या वेगासाठी `Mathf.MoveTowardsAngle` आहे. गोडॉटमध्ये `lerp_angle` आहे. यादीत `Lerp` आणि `LerpAngle` शेजारी शेजारी दिसतात, आणि घाईत पहिले निवडले जाणे हेच या चुकीचे सर्वांत साधे कारण असते.

शिवणच नाहीशी करण्याचाही एक मार्ग आहे आणि तो फार देखणा आहे. कोन अंशांत न मोजता पूर्ण वर्तुळाचे २५६ भाग करायचे आणि कोन एका बाइटमध्ये ठेवायचा. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात आणि २५५ मध्ये एक मिळवला की तो आपसूक शून्य होतो. वर्तुळ जसे वळते तसाच हा आकडा वळतो. टरेट २५० वर आणि लक्ष्य ६ वर असेल तर ६ वजा २५० म्हणजे उणे २४४, पण बाइटमध्ये ते उत्तर १२ म्हणून उरते. बारा भाग उजवीकडे, म्हणजे जवळची वाट. येणारे उत्तर १२८ पेक्षा लहान असेल तर उजवीकडे वळायचे, मोठे असेल तर डावीकडे. एक भाग म्हणजे साधारण १.४ अंश होतो. जाळ्यावरून कोन पाठवायला एवढी बारकाई अनेकदा पुरते, आणि क्वेक ते कोन असेच एका बाइटमध्ये पाठवत असे. तोफेच्या नेमाला ती कमी पडते. सोळा बिटांत वर्तुळाचे ६५,५३६ भाग होतात, आणि मग तक्रारीला जागा राहत नाही.

इड सॉफ्टवेअरच्याच १९९३ च्या डूममध्ये कोन ३२ बिटांच्या अशाच आकड्यात ठेवलेला आहे. पुढच्या वर्षी आलेल्या डूम २ मध्ये रेव्हनंट नावाचा एक राक्षस आहे. त्याचे अग्निबाण खेळाडूचा पाठलाग करतात. बाणाने कोणत्या बाजूला वळायचे हे ठरवणारी कोडमधली ओळ अशी आहे:

```
if (exact - actor->angle > 0x80000000)
```

`exact` म्हणजे खेळाडूकडची अचूक दिशा, `actor->angle` म्हणजे बाणाची आताची दिशा, आणि `0x80000000` म्हणजे अर्धे वर्तुळ. वजाबाकी ३२ बिटांत होत असल्यामुळे ती स्वतःच गुंडाळली जाते, आणि फरक अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त आहे का एवढाच प्रश्न उरतो. उत्तर होकारार्थी असेल तर बाण एका बाजूला वळतो, नसेल तर दुसऱ्या, आणि एका वेळी १६.८७५ अंशांपेक्षा जास्त वळत नाही. पाठलाग चुकवणे त्यामुळेच शक्य होते. ३६० मिळवणे, वजा करणे, बाकी काढणे यांतले काहीही इथे करावे लागत नाही. पूर्णांकाऐवजी दशांश आकडे वापरायची सोय संगणकांत वाढत गेली तशी ही रीत मागे पडली. या कामापुरती ती आजही अंशांपेक्षा सरस आहे.

फरक नीट आवरला तरी बरोबर पाठीमागचे लक्ष्य ही अडचण शिल्लक राहते. १८० अंशांना दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या, आणि कोणती निवडली जाईल हे कोडमध्ये `>` लिहिले आहे की `>=` यावर अवलंबून असते. लक्ष्य स्थिर असेल तर बिघडत नाही: टरेट एकदा एका बाजूला निघाली की तिकडचा फरक कमी होत जातो. पण लक्ष्य मागच्या बाजूला इकडून तिकडे पळत असेल आणि टरेटपेक्षा जास्त वेगाने कोन बदलत असेल, तर कधी १७८ आणि कधी उणे १७८ असा फरक येत राहतो. टरेट क्षणाला उजवीकडे, क्षणाला डावीकडे वळू पाहते आणि जवळजवळ जागेवरच अडकते. यावरचा नेहमीचा उपाय असा: फरक १७० अंशांहून मोठा असेल तोवर आधीच्या फ्रेममध्ये ज्या बाजूला वळणे चालू होते तीच बाजू धरून ठेवायची. तेवढ्या वेळात वाट जवळच्या वाटेपेक्षा किंचित लांब होते, पण टरेट फिरत राहते.

काही ठिकाणी लांबची वाटच खरी असते, आणि तिथे वरची सगळी दुरुस्ती घातक ठरते. सर्वच तोफा पूर्ण वर्तुळात फिरत नाहीत. युद्धनौकेच्या तोफेच्या मागे जहाजाचा उंच भाग असतो आणि तिकडे ती वळू शकत नाही. समजा एखादी तोफ समोरच्या दिशेपासून दोन्ही बाजूंना १२० अंशांपर्यंतच फिरते. ती उजवीकडे ११० वर आहे आणि लक्ष्य डावीकडे उणे ११० वर आले. साधा फरक उणे २२० आहे, म्हणजे समोरून फिरून डावीकडे जायचे, आणि तेच बरोबर आहे. आवरलेला फरक मात्र अधिक १४० येतो. त्या हिशेबाने तोफ मागच्या बाजूने जायला निघते, दहा अंशांत अडथळ्याला टेकते आणि तिथेच राहते. अडथळा असलेली तोफ वर्तुळावर फिरतच नाही. तिचे आकडे खरोखर रेषेवरचे असतात, म्हणून तिथे साधी वजाबाकीच हवी. फक्त लक्ष्याचा कोन आधी जहाजाच्या स्वतःच्या दिशेपासून मोजून उणे १८० ते १८० मध्ये आणावा लागतो. तोफ कोणत्या प्रकारची आहे हे न पाहता सगळीकडे एकच फलन वापरले की अशा तोफा अडकतात.

हाच प्रश्न खऱ्या यंत्रांत आणखी एका रूपात येतो. पुण्याच्या उत्तरेला नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी आहे. तिच्या ३० अँटेनांपैकी प्रत्येकीची तबकडी ४५ मीटर व्यासाची आहे. तबकडी आडव्या दिशेत फिरते तेव्हा तिच्याबरोबर केबलींनाही पीळ बसतो, म्हणून तिला मनाला येईल तितके फेरे मारता येत नाहीत. तिची हद्द मध्यापासून दोन्ही बाजूंना २७० अंश आहे. ही हद्द पूर्ण वर्तुळापेक्षा मोठी असल्यामुळे काही दिशांना तबकडी दोन प्रकारे पोचू शकते: २०० अंशांची दिशा अधिक २०० वरही मिळते आणि उणे १६० वरही. तबकडी अधिक २५० वर असताना तिला २८० अंशांच्या दिशेकडे पाहायचे असेल तर जवळची वाट तीस अंशांची, पण ती हद्दीबाहेर जाते. मग उलट फिरून उणे ८० वर जावे लागते, एकूण ३३० अंश. गेममध्ये जो फेरा चूक ठरतो तो इथे केबल वाचवतो. अशा यंत्राला दिशा पुरत नाही. तबकडी किती पीळ घेऊन तिथे उभी आहे हा आकडाही जपून ठेवावा लागतो, आणि तो कधीही ० ते ३६० मध्ये गुंडाळायचा नसतो.

तोफ डावी-उजवी वळण्याबरोबर वर-खालीही होत असेल, किंवा विमानासारखी वस्तू तिन्ही बाजूंना कलत असेल, तेव्हा तीन कोनांऐवजी चार आकड्यांचा क्वाटर्निअन वापरला जातो. केन शूमेक यांनी १९८५ मध्ये संगणकीय चित्रांच्या हालचालीसाठी त्याचा वापर मांडला. क्वाटर्निअनने शिवण जाते, पण लांबचा फेरा पूर्ण टळत नाही. चारही आकड्यांची चिन्हे उलटी केली तरी तो क्वाटर्निअन तीच स्थिती दाखवतो, त्यामुळे एका स्थितीकडून दुसरीकडे जायला इथेही दोन वाटा असतात. दोन क्वाटर्निअनचा बिंदुगुणाकार ऋण आला तर एकाची चारही चिन्हे उलटी करून मग मधले टप्पे काढायचे. ही एक तुलना विसरली की विमान लांबच्या बाजूने लोळण घेते.

टरेटची परीक्षा घ्यायला मोठी तयारी लागत नाही. एक लक्ष्य टरेटभोवती संथपणे पूर्ण वर्तुळात फिरवायचे, आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने, आणि दर फ्रेमला टरेट किती सरकली तो आकडा नोंदवायचा. नोंदीत चिन्ह मधेच बदलले तर त्या वेळी लक्ष्य ज्या दिशेला होते तिथे शिवण आहे. उलट फेरीचे कारण वर आलेले बाकीचे चिन्ह: एका बाजूने बरोबर ठरलेले सूत्र दुसऱ्या बाजूने चुकू शकते. याशिवाय फरक काढणारे फलन टरेटपासून वेगळे काढून काही जोड्यांवर चालवून पाहायचे: ३५० वरून १० कडे अधिक २०, १० वरून ३५० कडे उणे २०, १७९ वरून उणे १७९ कडे अधिक २, २७० वरून उणे ९० कडे शून्य, आणि ७२५ वरून ० कडे उणे ५. शेवटची जोडी टरेटने दोन पूर्ण फेरे मारल्यानंतरची आहे, आणि बाकी न काढता एकदाच ३६० मिळवणारे कोड नेमके तिथे चुकते: उणे ७२५ मध्ये ३६० मिळवले तरी उणे ३६५ उरतात, आणि टरेट पाच अंशांसाठी पुन्हा पूर्ण फेऱ्याला निघते.